गंजलेल्या पत्र्यांवर रंग मारण्याआधी

प्रश्न: पाच वर्षं झाली नाहीत तोच घराच्या रंगीत पत्र्यांना गंज चढलाय. वॉरंटी दहा वर्षांची आहे, पण पुरवठादार फिटिंग आणि हवामानाकडे बोट दाखवतो. दाव्याचं पत्र कसं लिहावं, सोबत काय जोडावं?

उत्तर:

आमचं घर देवरुखजवळ. मार्च २०२१ मध्ये कौलं उतरवून गॅल्व्हल्यूमचे, म्हणजे ॲल्युमिनियम-जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचे, रंगीत पत्रे घातले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर पत्र्यांच्या मधोमध रंगाला फोड आले. नखाने खरवडलं की पापुद्रा निघायचा आणि खाली लाल गंज. विक्रेता आला, अंगणातूनच वर बघितलं आणि म्हणाला, "फिटरने ग्राइंडर चालवलाय, त्यात तौक्ते वादळ आणि कोकणातली खारी हवा. कंपनी काय करणार?"

मला याचा फार राग आला, कारण शिडी लावायचीही तसदी त्याने घेतली नव्हती. म्हणून पत्रात "पत्रे गंजले, बदलून द्या" एवढंच लिहिलं नाही. त्याची तीन कारणं घेतली आणि एकेक खोडून काढलं.

ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण. ते रंगात रुततात आणि पहिल्याच पावसात तांबडे ठिपके दिसतात. पण ते कापलेल्या जागेच्या आसपास दाटलेले असतात, पत्राभर नाही. आमचे पत्रे तर कारखान्यातूनच १८ फुटी कापून आले होते आणि बिलावर तशी लांबी लिहिली होती. पन्हळीपासून आढ्यापर्यंत टेप धरून फोटो काढला. सलग १८ फूट, म्हणजे जागेवर कापाकापी झालेलीच नाही. बिल आणि फोटो एकाच पानावर लावले.

तौक्ते मे २०२१ मध्ये कोकण किनाऱ्याजवळून गेलं, हे खरं. पण वारा पत्रा उचलतो. मग स्क्रूची भोकं लांबट होतात, रबरी वायसर सरकतात, आढ्याची पट्टी उखडते. वाऱ्याने रंगाला फोड येत नाहीत. गोल भोकं आणि घट्ट बसलेले वायसर दिसतील असे स्क्रूंचे जवळून फोटो जोडले. वादळानंतर झालेल्या पंचनाम्यांच्या गावयादीत आमचं घर नव्हतं, तिची प्रत तलाठी कार्यालयातून घेतली. वॉरंटी कार्डावर 'असाधारण हवामान' वगळलेलं होतं, म्हणून कृषी विभागाच्या 'महारेन' या पावसाच्या नोंदींच्या साइटवरून आमच्या महसूल मंडळाचा पाऊसही काढून जोडला. खाऱ्या हवेचं म्हणाल तर कार्डात समुद्रापासून एक किलोमीटरची अट होती. नकाशावर सरळ रेघ ओढली, अंतर तीस किलोमीटरच्या वर भरलं.

पण दावा खरा उभा राहिला तो माळ्यावर ठेवलेल्या, न वापरलेल्या जादा पत्र्याच्या तुकड्यावर. कार्डावर एझेड १५० लिहिलं होतं, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला किमान १५० ग्रॅम ॲल्युमिनियम-जस्ताचा थर. प्रयोगशाळेत रंग काढून तुकड्याचं वजन करतात, आम्लात थर विरघळवतात आणि पुन्हा वजन करतात. आमचा थर शंभरच्या आसपास निघाला. गंजलेला तुकडा यासाठी पाठवू नका, त्याचा थर आधीच झिजलेला असतो आणि कंपनी तेच म्हणणार. अर्धा तुकडा स्वतःकडे ठेवा. पत्र्याच्या मागच्या बाजूला बॅचचा छापा असतो, त्याचाही फोटो हवा. तो नसेल तर "हा आमचा मालच नाही" म्हणायला ते मोकळे.

आमचा थोरला चुलतभाऊ दादा मला गंज दिसल्यापासून सांगत होता, "पत्रं लिहून काय होतंय? दोन डबे रंग आण नि मार." त्याने स्वतःच्या पडवीवर तेच केलं. आम्हाला पत्रे मिळाले तेव्हा त्यानेही दावा लावला, तर "मूळ पृष्ठभाग तपासण्याजोगा उरलेला नाही" असं उत्तर आलं. दादा आजही म्हणतो की माझं नशीब चांगलं. नशीब नाही, दादा. माझ्याकडे दाखवायला गंज शिल्लक होता, तुझ्याकडे रंग होता.

पत्र विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा. वॉरंटीचं कलम क्रमांकासह लिहा आणि उत्तराला पंधरा दिवसांची मुदत द्या. तोंडी "बघतो, करतो" यात वेळ घालवू नका, कारण ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांतच जावं लागतं.

हे सगळं घराच्या छपराचं. गोठ्यावरचे पत्रे असतील तर कार्ड नीट वाचा, कारण शेण-मुताच्या वाफेने होणारा गंज बऱ्याच वॉरंट्यांत वगळलेला असतो. आणि भरपाई बहुतेक वेळा वापरलेली वर्षं वजा करून मिळते, मजुरी त्यात धरत नाहीत. आम्हाला पत्रे मिळाले, उतरवून चढवायचा खर्च मात्र आमच्याच खिशातून गेला. तुम्ही मजुरीची मागणी पहिल्याच पत्रात वेगळ्या रकमेने लिहा.