तबलजीसाठी ऱ्हिदम गेम: कोन आणि मात्रा

प्रश्न: "दहा वर्षं तबला शिकतोय, विशारद झालंय. वरून नोट पडणारे ऱ्हिदम गेम खेळून बघितले, पण टायपिंग केल्यासारखं वाटतं आणि माझी लय पक्की असूनही गेम 'लेट' दाखवतो. ज्यात खरोखर लयीचा कस लागेल असा गेम आहे का? कोल्हापुरात असतो, लॅपटॉप आणि ब्लूटूथ इयरफोन आहेत."

आधी तो ब्लूटूथ बाजूला ठेवा. त्यातून आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा कानात पोचू शकतो. 120 च्या लयीत एक मात्रा 500 मिलिसेकंदांची, म्हणजे चौगुणीतला एक बोल 125 चा. तुम्ही सुरुवातच एका बोलाहून जास्त मागून करताय. राजारामपुरीत माझ्याकडे शिकायला येणारा एक मुलगा असाच वैतागला होता, "सर, माझं बरोबर हाय की!" आणि त्याचं बरोबरच होतं. वायरचे हेडफोन लावले आणि गेमच्या सेटिंगमधलं कॅलिब्रेशन पुन्हा केलं, एवढ्यावर भागलं.

दोष कुणाचा हे ओळखायचं असेल तर चुका कुठल्या बाजूला पडतात ते बघा. सगळ्या एकाच बाजूला आणि साधारण सारख्याच अंतराने पडत असतील तर यंत्राचा उशीर. कधी आधी, कधी नंतर अशा विखुरल्या असतील तर हात.

आता गेम. मी तुम्हाला एकच सांगेन: 'अ डान्स ऑफ फायर अँड आइस', 2019 चा. एकच बटण. चौकटींच्या वाटेवरून दोन ग्रह एकमेकांभोवती फिरत पुढे जातात. फिरणारा ग्रह पुढच्या चौकटीवर आला की दाबायचं. यात नोटा पडत नाहीत. वाटेचा कोन हीच मात्रा. सरळ वाट म्हणजे ग्रहाचा 180 अंशांचा फेरा, ती एक मात्रा. 90 अंश म्हणजे अर्धी मात्रा, तेव्हा चौकोनाच्या आतून फिरलात की दुगुण. त्रिकोणाचा कोन 60, म्हणजे तिगुण. षट्कोनाचा 120, म्हणजे दोन-तृतीयांश मात्रा, दोन मात्रांत तीन बोल, आपली आड! पाटीवर आकडे मांडून आड समजावण्यात माझी वर्षं गेली, आणि इथे ती डोळ्यांसमोर आकार होऊन उभी राहते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खेळायचं थांबवून नुसता बघत राहिलो होतो.

वाट उलट्या बाजूला वळली तर तोच काटकोन 270 चा होतो, म्हणजे दीड मात्रा. हे कळलं की गेमच्या एडिटरमध्ये तिहाई बसवता येते. तीनताल घ्या. पल्ला 'ति ट धा': ति अर्धी मात्रा, ट अर्धी, धा दीड, एकूण अडीच. अकराव्या मात्रेवर उचला. धा येतील बाराव्यावर, साडेचौदाव्यावर आणि समेवर. कोन असे: 90, 90, 270, पुन्हा 90, 90, 270, मग 90, 90 आणि सम. कागदावर काढून बघा. वाट वळत वळत मागे येते आणि समेची चौकट नेमकी नवव्या मात्रेच्या चौकटीवर पडते. नववी म्हणजे खाली! एकावर एक आलेल्या चौकटी डोळ्यांना नीट वाचता येत नाहीत, तिथे तिहाई पोटात मोजलेली असेल तरच सम सापडते. मी ती आधी हाताने टाळी देत म्हणतो, मगच बटणाला हात लावतो. सरळ बटणावर गेलं की दुसऱ्या पल्ल्याच्या धा नंतरची दीड मात्रा हमखास आखडते.

'ऱ्हिदम डॉक्टर' हा दुसरा गेम, पहिला बनवणाऱ्याच लोकांचा. त्यात सहा ठोके ऐकायचे आणि सातव्यावर दाबायचं. रूपक अंगात मुरलेल्या माणसाला सातव्यानंतरच्या समेची ओढ लागते, त्यामुळे पहिले दोन दिवस हात एक मात्रा पुढे पळेल. ती ओढ मोडायची मेहनत चांगली आहे, पण मुख्य रियाज पहिल्या गेमवरच करा.

एक गोष्ट मात्र यातून मिळणार नाही. देवल क्लबच्या मैफिलीत गायक लय किंचित ओढतो आणि तबलजी त्याच्या श्वासाबरोबर जातो. गेमला फक्त आघाताची वेळ कळते. धा दाबून वाजवला की खुला, ते त्याला दिसत नाही, आणि लय त्याचीच, न हलणारी. म्हणून मी तो ठेक्याच्या रियाजाऐवजी कधी खेळत नाही. लयकारीचे अपूर्णांक साफ करायला, दिवसाला वीस मिनिटं, गेम दाखवेल त्या 'अर्ली' आणि 'लेट'कडे लक्ष देऊन. तिगुणीतून आडीत शिरताना तुमचे बोल कुठल्या बाजूला पडतात ते आठवडाभर टिपून इथे लिहा, मग पुढची तिहाई देतो.