हिंदी-मराठी पिक्चरमधे प्रेमात पडलेली माणसं सरळ बोलायचं सोडून गाणी का म्हणतात? स्टोरीला त्याचा खरंच काही उपयोग असतो का?

असतो. आणि "गाणं लागलं की मी चहा टाकून येतो" म्हणणाऱ्या जमातीशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगते.

पहिलं ते सेन्सॉरचं प्रकरण मिटवू. कोणीतरी इथे येऊन लिहिणारच की चुंबन दाखवता यायचं नाही म्हणून गाणी आली. चूक. 1933 च्या 'कर्मा'मधे देविका राणी आणि हिमांशु राय यांचं चुंबन आहे, तेही इंग्रजांच्या राज्यात, आणि गाणी तर त्याच्याही आधीपासून होती. 1931 च्या 'आलम आरा'त सात, पुढच्याच वर्षीच्या 'इंद्रसभा'त सत्तरच्या आसपास! कात्री नंतर कडक झाली आणि गाण्यांच्या गळ्यात जास्तीचं काम पडलं, एवढंच. गाणी आली नाटकातून, पारशी थिएटर आणि आपलं संगीत नाटक. 1882 चं 'सौभद्र' घ्या. सुभद्रा शेवटी अर्जुनाचीच होणार हे तिकीट काढतानाच सगळ्यांना माहीत असायचं, तरी लोक जायचे, कारण पुढे काय होतंय यापेक्षा आत्ता तिच्या जिवाचं काय होतंय हे त्यांना ऐकायचं असायचं. गद्यात गोष्ट पुढे सरकायची आणि पद आलं की तिथेच थांबून आत शिरायची. ही सवय आपल्याला पिक्चरच्या आधीची आहे.

आता माझा मुद्दा. दोन माणसं एकमेकांशी बोलली की ते बोलणं घडलेलं असतं. समोरच्याने ऐकलेलं असतं, त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं, उद्या त्यावरून भांडताही येतं. गाण्यात म्हटलेलं मात्र समोरच्याने ऐकलंच असं धरून चालत नाहीत. गाणं संपतं, दोघं परत "उशीर झाला, निघते" वर येतात आणि आपल्याला काही खटकत नाही. म्हणजे पात्राला कबुली न देता कबुली देता येते. ज्यांना बोलणं परवडत नाही त्यांच्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे ते मला फार विचित्र ठिकाणी कळलं.

कॉलेज झाल्यावर मी आमच्या गावातल्या केबलवाल्याकडे कामाला होते. त्याचं स्वतःचं लोकल चॅनल होतं, साड्यांच्या दुकानाच्या आणि क्लासेसच्या जाहिराती, गणपतीचं शूटिंग, आणि रविवारी दुपारी एक जुना पिक्चर. व्हीसीडीवरून कॉम्प्युटरवर घ्यायचा, मधेमधे जाहिराती घालायच्या आणि लावायचा. शेठचा हुकूम असा की गाणी उडव. का, तर पिक्चर स्लॉटमधे बसत नाही, आणि तीच गाणी संध्याकाळी फोनवरच्या फर्माइशीत वेगळी लावता येतात, त्याच्या जाहिराती वेगळ्या. धंदा म्हणून डोकं बरोबरच होतं म्हणा. मी म्हटलं, शेठ, स्टोरी तुटेल. तर म्हणाले, "अगं स्टोरी डायलॉगमधे असते, गाण्यात काय, नाचतात आणि कपडे बदलतात."

आणि एका रविवारी आला 'प्यासा'. गुरुदत्तचा, 1957 चा. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाचू नका, आधी बघून या.

पहिला कट आला 'जाने क्या तूने कही'चा. मूळ प्रसंग असा आहे: विजय कवी, घर सुटलेलं, त्याच्या कवितांची फाइल भावांनी रद्दीत विकलेली. रात्री नदीकाठी पडलेला असताना त्याला एका बाईच्या तोंडून स्वतःच्याच ओळी ऐकू येतात. ती गुलाबो, वहिदा रेहमान. तिने ती फाइल रद्दीवाल्याकडून घेतलेली आहे, कवी कोण ते तिला माहीत नाही. आता तो तिच्या मागे निघतो कविता कुठून मिळाली म्हणून, आणि ती वळून वळून बघत चाललीय गिऱ्हाईक मिळालं म्हणून. गल्लीबोळांतून, खांबांच्या सावल्यांतून, जिन्यापर्यंत. त्या सगळ्या वेळात ती गाते आणि तो गप्प. हे बोलून दाखवायला बसलात तर दुसऱ्याच वाक्याला गैरसमज दूर होणार, "बाई, ही कविता माझी आहे," संपला सीन. गाणं आहे म्हणून दोघं आपापल्या समजुतीत अख्खी वाट चालू शकतात. वर गेल्यावर कळतं की याच्याकडे पैसेच नाहीत, ती त्याला हाकलून देते आणि मग उशिरा तिच्या लक्षात येतं की ज्याला हाकललं तोच तो कवी. हा धक्का बसतो कारण गाण्यात तिने जे लाडाने म्हटलं ते धंद्याचं होतं हे आपल्याला ठाऊक आहे, तरी आपण विरघळलेलो असतो.

मी गाणं कापलं. राहिलं काय? नदीकाठी दोन ओळी, आणि एकदम एक बाई एका माणसाला घराबाहेर ढकलते.

दुसरं 'हम आपकी आंखों में'. विजयची कॉलेजातली मीना, आता एका श्रीमंत प्रकाशकाची बायको. हे त्याच्या मनातलं गाणं, धुकं, जिना, सेटच वेगळा, सगळं गोडगोड. शेठ म्हणाले हे तरी नक्की फालतू. ऐका नीट. तो प्रत्येक ओळीत काहीतरी देऊ करतो आणि ती प्रत्येक ओळीत काहीतरी खेळकर बोलून निसटते. त्याच्या स्वतःच्या स्वप्नातसुद्धा ही बाई त्याला सरळ हो म्हणत नाही! तिने पैसा बघून लग्न का केलं याचं स्पष्टीकरण पुढे डायलॉगमधे येतं, पण ती तशी आहे हे त्याच्या मनाने गाण्यात आधीच ओळखलेलं असतं.

आणि तिसरं, ज्याच्यावरून मी शेठशी खरी भांडले, 'आज सजन मोहे अंग लगा लो'. इथे प्रेमिक गातच नाहीत. खाली रस्त्यावर एक जोगीण कीर्तनाच्या ढंगात राधेचं गाणं म्हणतेय, आवाज गीता दत्तचा, चाल एस. डी. बर्मनची. विजय वर गच्चीवर पाठमोरा उभा. गुलाबो जिना चढून त्याच्या मागे येते, अगदी जवळ, आता पाठीवर डोकं टेकवणार इतकी जवळ, आणि टेकवत नाही. तशीच मागे फिरून पळते. त्याला पत्ताही नाही. बस, एवढंच घडतं. आता विचार करा, हिने बोलायचं काय? "आज मला जवळ घे" हे वाक्य ती रोज पैशासाठी म्हणत आलीय. तिच्याकडे प्रेमाचे म्हणून वेगळे शब्द उरलेलेच नाहीत. म्हणून ते राधेकडून उसने घ्यावे लागतात, तेही तिसऱ्याच बाईच्या तोंडून. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, ज्ञानोबांच्या विराण्या ऐकत मोठे झालेलो आहोत, देवासाठी झुरणारी बाई आणि माणसासाठी झुरणारी बाई एकाच भाषेत बोलतात हे आपल्या कानाला सवयीचं आहे.

शेठनी तेही उडवायला लावलं. कारण काय, तर "यात हिरो-हिरॉइन गातपण नाहीत, मग कशाला पाहिजे".

गाणं कापलं की अजून एक होतं, जे कापणाऱ्यालाच कळतं. गाण्याचं म्युझिक बरेचदा आधीच्या डायलॉगच्या खालीच सुरू झालेलं असतं. डायलॉग ठेवायचा तर मागे तो अर्धा सूर लोंबकळत राहतो, सूर काढायचा तर वाक्य तुटतं. संध्याकाळी ऑफिसात फोन. एक काकू विचारत होत्या, "अहो ती गुलाबो त्याच्यावर एवढा जीव का टाकते? मधे काही झालं का?" झालं होतं ना काकू, आठ वाजता फर्माइशीत बघा! शेठचं म्हणणं, जुने पिक्चर असेच असतात, लॉजिक नसतं. मी ती नोकरी पुढे सोडली, पगारासाठी सोडली, पण हे वाक्य अजून डोक्यात आहे.

नव्यातलं पाहिजे तर 'सैराट' (2016) बघा. चार गाणी आणि चारही इंटरव्हलच्या आधी. आर्ची-परश्या पळून हैदराबादला गेल्यावर एकही नाही. तिथे खोली बघायची, काम शोधायचं, रडायचं, संशय घ्यायचा, सगळं बोलूनच. गावात दोघांना धड बोलता येत नव्हतं तेव्हा अजय-अतुलचा अख्खा ऑर्केस्ट्रा मागे होता, आता एका खोलीत राहतात तर नुसता भांड्यांचा आवाज. नागराज मंजुळेंनी तिथे एखादं विरहगीत टाकलं असतं तर लोकांनी तेही डोक्यावर घेतलं असतं, पण मग त्या खोलीचा तो रोजचा कंटाळा आपल्याला जाणवला नसता. पहिल्या भागात गाणी आहेत म्हणून दुसऱ्या भागात ती नसणं कळतं.

आता हे खरं की सगळी गाणी अशी नसतात. परदेशात जाऊन स्वेटर बदलणारी, कॅसेट खपवायला घातलेली, ढीगभर आहेत, ती कापली तर काकूंचाही फोन येणार नाही. आणि हल्ली ओठ हलवतच नाहीत, गाणं मागे वाजतं आणि ही दोघं स्लो मोशनमधे हसतात. तो प्रकार मला वेगळा वाटतो, तिथे पात्र काही कबूल करत नाही, दिग्दर्शकच आपल्या कानात सांगत असतो. काही वेळा छान जमतं, बरेचदा दोन-तीन महिने गेले एवढंच दाखवायचं असतं.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर गाण्याच्या आधीचा शेवटचा डायलॉग आणि नंतरचा पहिला डायलॉग लागोपाठ ऐका. मधलं काही चुकल्यासारखं वाटलं नाही तर गाणं खुशाल ढकला पुढे. पण दोघांतलं एक जण आधी "तुम्ही" म्हणत होतं आणि नंतर "तू" म्हणायला लागलं, किंवा कोणीतरी उगाच चिडलेलं, लाजलेलं दिसलं, तर जे काय झालं ते मधे झालंय. हे मी शेठनाही त्यांच्याच कॉम्प्युटरवर करून दाखवलं होतं. ते म्हणाले, बरं, मग ते दोन डायलॉगपण काढ.