ट्रेडस्कॅन्शिया लांबुळकं झालं, रंग उडाला: तुमचे प्रश्न

मुंबईत फ्लॅट आहे, हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला ट्रेडस्कॅन्शिया झेब्रिना ठेवलंय. आणलं तेव्हा गच्च होतं, चंदेरी पट्टे आणि खालून जांभळं. आता नुसत्या दोऱ्या लोंबतायत, पानं पण हिरवट. खत कमी पडतंय का?

खत अजिबात नका घालू, विशेषतः युरिया किंवा भरपूर नायट्रोजनवालं काही, त्याने हिरवी लुसलुशीत वाढ होईल आणि दोऱ्या अजून लांबतील. कमी पडतोय तो उजेड. पानाखालचा जांभळा रंग म्हणजे अँथोसायनिन, आणि ते झाड चांगला उजेड मिळाला तरच भरपूर बनवतं. अंधारात उलट हिरवं द्रव्य वाढवायचं आणि उजेड शोधत कांडं ताणायचं, एवढंच त्याला सुचतं. एक सोपी खूण सांगतो, दोन पानांमधलं कांडं बघा. गच्च झाडात ते बोटाच्या एखाद-दुसऱ्या पेराएवढं असतं, त्याच्या दुप्पट व्हायला लागलं की जागा चुकली.

आपल्या डोळ्यांना हॉल उजेडी वाटतो हो, पण खिडकीपासून सहा-सात फूट आत गेलं की उजेड कितीतरी कमी होतो. दुपारी कुंडीच्या जागी कागद ठेवून वर हात धरा, सावली धड दिसलीच नाही तर ती जागा झेब्रिनाची नाही. पूर्वेची खिडकी असेल तर काचेला लागून ठेवा, सकाळचं दोन-तीन तास ऊन त्याला मस्त मानवतं. फक्त एकदम नका हलवू, आठवडाभर रोज थोडं थोडं पुढे सरकवा, नाहीतर अंधारात वाढलेली पानं भाजतात. आणि जुन्या पानांकडे बघत बसू नका, ती फारशी सुधारत नाहीत, तीन-चार आठवड्यांनी शेंड्याला जी नवीन पानं येतील त्यांच्यावरून ठरवा.

मी शेंडे दोनदा खुडले पण परत तसंच लांब झालं, आणि कुंडी वरून टकली दिसते. खुडून उपयोग होतो की नाही?

होतो, पण आधी उजेड आणि मग खुडणं, हा क्रम उलटा केला की नवीन फुटवे पण दोऱ्याच होतात, फक्त एकाच्या जागी दोन. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक बनतं, ते खालच्या डोळ्यांना, म्हणजे पानाच्या काखेतल्या अंकुरांना, दाबून ठेवतं, म्हणून शेंडा काढला की खालचे एक-दोन डोळे फुटतात. कापायचं ते जिथून पान फुटतं त्या गाठीच्या बरोब्बर वर, मध्येच कापलं तर उरलेला तुकडा वाळून जातो.

तुमच्या टकल्या कुंडीला मात्र नुसतं खुडणं पुरणार नाही, मधल्या पानं गळलेल्या कांड्या फुटायला फार कुरकुरतात. समजा सहा इंची कुंडी आहे. सगळ्या दोऱ्या मातीपासून दोन-तीन गाठी ठेवून कापा (जीव कळवळतो, पण कापा). शेंड्याकडचे चार बोटं लांबीचे दहा-बारा तुकडे घ्या, खालचं पान काढा, ती गाठ मातीत जाईल असे सगळीकडे, विशेषतः मधोमध खोचा. मुळं गाठीतूनच फुटतात, साधारण आठवडा-दहा दिवसांत पकडतात, तोवर माती ओलसर ठेवा, चिखल नको आणि कडक ऊन पण नको. प्रत्येक फुटव्याला तीन-चार पानं आली की परत शेंडा खुडायचा, असं दोन-तीन वेळा केलं की कुंडी भरते. चीक काही जणांच्या हाताला खाजतो, तेवढं हात धुवा.

नर्सरीत पर्पल हार्ट ट्रेडस्कॅन्शिया गर्द जांभळं होतं, माझ्या गॅलरीत हिरवट-करडं झालंय. झेब्रिना त्याच गॅलरीत छान आहे, मग याला काय झालं?

याची भूक वेगळी आहे. पर्पल हार्टला चार-पाच तास थेट ऊन लागतं, रस्त्याच्या दुभाजकावर ते रखरखीत उन्हात जांभळं होतं ते त्यामुळेच. गॅलरीत ऊन येतच नसेल तर ते गच्चीत हलवा. पावसाळ्यात ढगांमुळे थोडं हिरवट पडलं तर मनावर घेऊ नका. पण झेब्रिना तिथे सोबतीला नेऊ नका, एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात त्याची पानं फिकट पडून कडा करपतात.

नानूक ट्रेडस्कॅन्शियाची एक फांदी पूर्ण हिरवी निघालीय, जास्त उन्हात ठेवू का?

नाही, हे उजेडाचं प्रकरण नाही. गुलाबी-पांढरा पट्टा गेलाय तो त्या फांदीच्या पेशींतूनच गेलाय, ऊन दाखवून येणार नाही. हिरव्या फांदीत हरितद्रव्य जास्त म्हणून ती बाकीच्यांपेक्षा जोरात वाढते आणि हळूहळू कुंडी बळकावते. मागे मागे जात शेवटचं पट्टेदार पान शोधा आणि त्याच्या वर कापा. त्या पानाच्या काखेतून पण हिरवंच फुटलं तर अजून एक गाठ खाली.