गोदाम लहान, ईओक्यू मोठा: λ कसा काढायचा?

प्रश्न: पंखे आणि कूलर एकाच गोदामात ठेवतो. दोन्हींचा ईओक्यू, म्हणजे एका वेळी किती नग मागवले की खर्च सर्वांत कमी येतो तो आकडा, काढला तर 600 चौ. फूट लागतात, जागा 450. सरसकट 25 टक्के कमी करू का?

नको. जास्त जागा खाणाऱ्या मालाला जास्त कात्री लागायला हवी. त्यासाठी साठवणखर्चात जागेचं काल्पनिक भाडं λ मिसळा:

```
Q = √(2DK / (h + 2λf))
```

Q एका वेळी मागवायचे नग, D वार्षिक मागणी, K दर ऑर्डरचा खर्च, h नगामागे वार्षिक साठवणखर्च, f नगाला लागणारी जागा.

समजा K दोन्हींना ₹2000. पंखा: D 1000, h ₹100, f 1. कूलर: D 500, h ₹200, f 4. λ शून्य धरला तर 200 आणि 100 नग, म्हणजे तुमचे 600 फूट. λ 20 केला की 467 फूट, 25 केला की 446. उत्तर मध्ये कुठेतरी. 24 ला पंखे 164, कूलर 71, जागा 448. एक्सेलचं गोल सीक हे क्षणात करतं.

λ 24 म्हणजे आणखी एक फूट जागा वर्षाला साधारण ₹24 वाचवेल. शेजारचा गाळा त्याहून महाग असेल तर घेऊ नका.

मर्यादा पैशाची असेल तर f च्या जागी किंमत घाला. तिथे h सगळ्यांना किमतीच्या सारख्याच टक्क्यांनी असेल, तर मात्र सरसकट कात्रीच बरोबर ठरते.

हे गणित दोन्ही माल एकाच दिवशी उतरतात असं धरतं. गाड्या पुढेमागे मागवल्या तर एवढी काटछाट लागणारही नाही.