हिशेब लिहायचे पैसे देतेच आहे, मग ऑडिटचे वेगळे कशाला?

प्रश्न: विट्यात माझं हार्डवेअर, रंग आणि सिमेंटचं दुकान आहे, माझ्याच नावावर. २०२५-२६ ची विक्री १ कोटी ६० लाख झाली, त्यातले ९० लाख बँकेतून आणि यूपीआयवर, बाकी रोख. अकाउंटंट महिना ३,००० घेऊन टॅलीत सगळं लिहितो, त्याच्या हिशेबाने नफा साडेसात लाख. मागच्या वर्षी पहिल्यांदाच रिटर्न "८ टक्केवालं" भरलं होतं. आता माल भरायला लागेल तसे काढता-भरता येणारं १५ लाखांचं कर्ज, म्हणजे सीसी, मागितलं तर बँक म्हणते ऑडिटेड बॅलन्सशीट आणा. सीए २५,००० सांगतात. अकाउंटंट म्हणतो ५,००० द्या, मी शिक्का आणून देतो. सध्या सावकाराचे ६ लाख महिना दीड टक्क्याने वापरते. एकाच कामाचे दोनदा पैसे का द्यायचे?

उत्तर: ताई, आधी तुमच्या गोडाउनातलंच एक बिल घेऊ. समजा, कोल्हापूरच्या डिस्ट्रिब्युटरने ३० मार्चला रंगाचं बिल फाडलं, जीएसटी सोडून ६४,००० रुपयांचं. गाडी विट्यात पोचली ३ एप्रिलला. अकाउंटंटकडे बिल गेलं, त्यावर तारीख ३० मार्च, त्याने मार्चच्या खरेदीत नोंद केली. त्याचं काही चुकलं नाही, कागदावर जे होतं ते त्याने लिहिलं. पण ३१ मार्चच्या रात्री तुम्ही माल मोजला तेव्हा ते डबे दुकानात नव्हतेच, त्यामुळे शिल्लक मालात ते धरले गेले नाहीत. खरेदी ६४,००० ने वाढली, शिल्लक वाढली नाही, आणि तुमचा नफा कागदावर तेवढ्याने खाली आला. पुढच्या वर्षी उलटं होणार. डबे विकले जातील, पण त्यांची खरेदी त्या वर्षात सापडणार नाही, आणि नफा उगाच फुगलेला दिसेल.

हिशेब लिहिणाऱ्याच्या हातात बिल येतं, ऑडिटर बिलाच्या मागे जातो. तो मार्चची शेवटची आणि एप्रिलची पहिली दहा-बारा बिलं काढायला लावेल, ट्रान्सपोर्टची बिल्टी मागेल आणि माल दारात कोणत्या दिवशी उतरला ते बघेल. मग एकतर ती खरेदी एप्रिलमध्ये ढकलायला सांगेल किंवा वाटेत असलेला माल म्हणून शिल्लकीत धरायला लावेल. बाकी व्हाउचरांत तो फार वेळ घालवणार नाही, पण या आठवड्याला हात लावल्याशिवाय सोडणार नाही. घोळ वर्षाच्या सांध्यावर होतो हे त्याला माहीत असतं.

दुसरी जागा म्हणजे गल्ला. टॅलीत कॅशबुक उघडून दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस बघा. एखाद्या दिवशी रोख शिल्लक उणे २२,००० दिसली तर दचकू नका, पुष्कळ दुकानांत दिसते. पण गल्ल्यात शून्याहून कमी पैसे असूच शकत नाहीत. याचा अर्थ हमाली, गाडीभाडं, किरकोळ खरेदी रोखीने लिहिली गेली आणि तो पैसा आला कुठून ते लिहायचं राहिलं. कपाटातले घरचे पैसे आले असतील, किंवा काही रोख विक्री बिलाविना झाली असेल. अकाउंटंट अशा वेळी "मालकाने भांडवल आणलं" अशी एक नोंद टाकून आकडा सरळ करतो. ऑडिटर विचारतो, आणलं तर कुठून, त्या दिवशी बँकेतून काढलेले दिसतात का? शिवाय एकाच माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले असतील तर तो खर्च आयकरात धरता येत नाही, तेही तो टिपून ठेवतो. गाडीभाड्याला मात्र ही मर्यादा ३५,००० आहे.

यावरून फरक तुमच्या लक्षात आला असेल. लिहिणारा तुमचा माणूस असतो, तुमच्या सांगण्यावरून रोज नोंदी करतो. ऑडिटर बाहेरचा असतो, वर्ष संपल्यावर येतो, आणि तिसऱ्या माणसाला, इथे बँकेला, सही करून सांगतो की हे आकडे वस्तुस्थितीशी जुळतात असं माझं मत आहे. म्हणूनच ज्या सीएने तुमच्या वह्या लिहिल्या त्यानेच त्या तपासू नयेत, असा त्यांच्या संस्थेचाच दंडक आहे. पतसंस्थेच्या पाटीवर "ऑडिट वर्ग अ" वाचून आपल्याकडे ऑडिट म्हणजे पास-नापास असं वाटतं. दुकानाच्या ऑडिटात वर्ग वगैरे नसतो, फक्त मत असतं, आणि पटलं नाही तर तसं लिहिलेलं असतं.

त्याची हद्दही सांगतो. ऑडिटर सगळी बिलं बघत नाही, नमुने काढतो. काउंटरवरच्या पोराने बिल न फाडता पाचशेची नोट खिशात घातली तर ते ऑडिटात कळणार नाही. त्यासाठी तुम्हालाच अधूनमधून एखाद्या कंपनीचे डबे मोजून टॅलीच्या शिल्लकीशी ताडून पाहावे लागतील.

आता तुमचे पैसे. "ऑडिट" या एका शब्दाखाली तुमच्याकडे दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक आयकर कायद्याचं टॅक्स ऑडिट, दुसरी बँकेला हवी असलेली तपासलेली बॅलन्सशीट.

टॅक्स ऑडिट आधी बघू. विक्री १ कोटीच्या वर असेल आणि रोखीचा व्यवहार ५ टक्क्यांहून जास्त असेल तर ते लागतं. तुमची रोख विक्री ७० लाखांची, म्हणजे त्यात तुम्ही बसता. पण २ कोटींपर्यंतच्या दुकानदाराला अंदाजी नफ्याचा रस्ता मोकळा आहे, तेच तुमचं "८ टक्केवालं". त्या रस्त्याने गेलात तर टॅक्स ऑडिट लागत नाही. बँकेतून आणि यूपीआयवर आलेल्या ९० लाखांवर ६ टक्के म्हणजे ५ लाख ४० हजार, रोखीच्या ७० लाखांवर ८ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, मिळून ११ लाख नफा धरावा लागेल.

तुम्ही म्हणाल, नफा साडेसात लाख आणि दाखवू ११? हा प्रश्न पूर्वी रास्त होता. पण २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. दुकानाशिवाय तुमचं दुसरं उत्पन्न फारसं नसेल, थोडं ठेवीचं व्याज वगैरे, तर साडेसातवरही कर शून्य आणि ११ वरही शून्य. मग साडेसात सिद्ध करायला टॅक्स ऑडिटचे २५,००० घालून कर एक रुपयाने कमी होत नाही. भाडं किंवा दुसरं काही धरून बेरीज १२ लाखांच्या पुढे जात असेल तर मात्र हे गणित पुन्हा मांडा.

आणखी एक खोच आहे. मागच्या वर्षी तुम्ही अंदाजी रस्त्याने गेलात. पाच वर्षांच्या आत तो सोडला तर त्यानंतरची पाच वर्षं तो तुम्हाला बंद होतो, आणि विक्री अशीच राहिली तर दरवर्षी टॅक्स ऑडिट मागे लागतं. हे वर्ष आणि पुढची पाच, २५,००० च्या दराने दीड लाख होतात. म्हणून यंदाचं रिटर्न अंदाजी नफ्यानेच भरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिली बँक. तिला टॅक्स ऑडिट हवंय की बॅलन्सशीट कोणीतरी तपासलेली हवीय, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही, आणि बँकेतल्या खिडकीवरच्या माणसालाही बहुतेक माहीत नसेल. लहान सीसीला पुष्कळ ठिकाणी रिटर्न, जीएसटीची विवरणं, बँक स्टेटमेंट आणि सीएने सही केलेली बॅलन्सशीट चालते. कर्ज अधिकाऱ्याकडून हवी असलेली कागदपत्रं ईमेलवर मागून घ्या. "ऑडिट रिपोर्ट"च लिहून आला तर सीएंना सांगा की मला टॅक्स ऑडिट नको, फक्त हिशेबाचं ऑडिट हवंय. रिटर्न अंदाजी ठेवून हिशेब स्वखुशीने तपासून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. त्यात टॅक्स ऑडिटचा लांबलचक तक्ता भरावा लागत नाही, म्हणून फी कमी करून मागा.

समजा ते २५,००० च म्हणाले. सावकाराच्या ६ लाखांवर तुम्ही वर्षाला १ लाख ८ हजार व्याज देता. तीच रक्कम सीसीत ११ टक्क्यांनी वापरली तर ६६,००० होतात, म्हणजे ४२,००० वाचतात. तुमच्या बँकेचा दर काय असेल तो घालून बघा, शिवाय प्रोसेसिंग आणि विम्याचे पैसे त्यातून वजा करा. तरी ऑडिटची फी पहिल्याच वर्षी बहुतेक निघून जाते. करासाठी हा खर्च करू नका म्हटलं, कर्जासाठी मी तो करीन.

बॅलन्सशीटवर नफा साडेसात लाख आणि रिटर्नमध्ये ११, असं बँकेला दिसेल. कोणी म्हणेल बॅलन्सशीटच ११ ला जुळवून घ्या. ते करू नका. ११ आणायचे तर कुठेतरी शिल्लक माल वाढवून लिहावा लागतो, आणि सीसीला बँक दरमहा स्टॉक स्टेटमेंट मागते, कधी माणूस पाठवून माल मोजतेही. कागदावरचे साडेतीन लाखांचे डबे त्या दिवशी कुठून आणणार? अर्जासोबत दोन ओळींचं पत्र जोडा की रिटर्न अंदाजी तरतुदीखाली आहे, हिशेबाचा नफा वेगळा आहे. बँकवाल्यांना ही तफावत नवीन नाही.

आणि तो ५,००० चा शिक्का. २०१९ पासून सीएच्या प्रत्येक ऑडिट रिपोर्टवर आणि प्रमाणपत्रावर यूडीआयएन नावाचा १८ स्थानांचा क्रमांक लागतो. बँक तो udin.icai.org वर टाकून सही खरी आहे का ते बघू शकते. क्रमांक नसलेला शिक्का परत येईल. आणि क्रमांक असूनही, ज्या सीएने तुमच्या गोडाउनात पाय ठेवला नाही, एक बिल्टी मागितली नाही, त्याची सही म्हणजे तुमच्या अकाउंटंटच्याच कामावर दुसरा कागद. एकाच कामाचे दोनदा पैसे देणं म्हणजे हे.

अकाउंटंटचे ३,००० मात्र चालू ठेवा. जीएसटीसाठी वह्या लागतातच, आणि लिहिलेलं नसेल तर ऑडिटर तपासणार काय? त्याला या आठवड्यात एकच काम सांगा. ३१ मार्चला जो माल मोजला त्याची यादी शोधून तिच्यावर सही करायला लावा. ती नसेल तर आज माल मोजा, १ एप्रिलपासूनची खरेदी त्यातून वजा करा आणि तेव्हापासून विकलेला माल खरेदी किमतीने परत मिळवा. मार्चअखेरचा आकडा साधारण हाती येईल. सीएंकडे जाताना तो, बिल्ट्यांची फाइल आणि बँकेचा तो ईमेल घेऊन जा.