सीटी स्कॅनच्या डोस रिपोर्टमधून mSv काढताना आधी फँटम बघ

हे बघ, स्क्रीनवरचा CTDIvol म्हणजे पेशंटला मिळालेला डोस नव्हे, तेवढ्याच सेटिंगवर प्लास्टिकच्या फँटमला किती मिळाला असता तो आकडा. तो स्कॅनच्या लांबीने गुणला की DLP. समजा मोठ्या माणसाचं अ‍ॅब्डोमेन-पेल्विस आहे, CTDIvol 10 mGy आणि लांबी 45 सेमी, म्हणजे DLP 450, त्याला त्या भागाच्या के-फॅक्टरने, म्हणजे 0.015 ने गुण, साधारण 7 mSv इफेक्टिव्ह डोस, झालं. छातीला 0.014, डोक्याला 0.0021.

गडबड होते ती लहान मुलांच्या स्कॅनला. मुलांसाठीचे नेहमीचे के-फॅक्टर 16 सेमीच्या फँटमवर धरलेले असतात, आणि मशीन बॉडी प्रोटोकॉलला बऱ्याचदा 32 सेमीचा आकडा दाखवतं, जो जवळपास निम्मा असतो, मग तुझं उत्तरही निम्मंच येणार आणि चुकलंय हे कळणारही नाही. म्हणून रिपोर्टमध्ये फँटमचा साइज आधी वाच, 32 असेल तर DLP अंदाजे दुप्पट करून मगच गुण.

आणि टोटल DLP सरळ एकाच फॅक्टरने गुणू नको रे, त्यात डोकं न् पोट दोन्ही असेल तर सिरीज वेगळ्या काढ. शिवाय हा आकडा एका स्टँडर्ड शरीराचा, समोरच्या पेशंटचा नाही, त्यामुळे 6.75 असं दशांशात लिहिण्यात काही अर्थ नाही.