‘मी केलं’ असं लिहिताना हात अडखळतो

मावशी, मी सोलापूरची, वय २६. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघते. इंग्लंडमध्ये टेक्स्टाइलमध्ये एमएस्सी करायचं ठरवलंय. अर्जासोबत पाचशे शब्दांत स्वतःबद्दल लिहायचं आहे. मी लिहिलेलं वाचून कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, ‘यात तू कुठेच नाहीस.’ मग पुण्याच्या मामेभावानं नवीन लिहून दिलं: ‘माझ्यात जन्मजात नेतृत्वगुण आहेत, माझी दृष्टी जागतिक आहे.’ वाचून मलाच कानकोंडं झालं. बाबांनी जन्मभर पॉवरलूमवर काम केलं, पण आपल्या तोंडानं आपलं कौतुक कधी केलं नाही, आम्हालाही करू दिलं नाही. खोटं न बोलता अर्ज कसा लिहू?
— अशोक चौकातली एक

बाळ,

दोन्ही मसुदे तू सोबत पाठवलेस ते बरं केलंस. भावाचा कागद आधी बाजूला ठेव. त्यात एकही गोष्ट तपासता येत नाही, म्हणून तो वाया. तुझ्या कागदावर मात्र काम करता येईल.

तुझं मधलं वाक्य मराठीत असं होतं: ‘आमच्या आदरणीय मॅनेजर साहेबांच्या मार्गदर्शनाखाली काही दोष कमी करण्याच्या प्रयत्नांत सहभागी होण्याची संधी मला मिळाली.’ आपल्याकडच्या माणसाला यातून बरंच कळतं. बाबांना कुणी विचारलं, ‘डिझाइन जमतं का?’ आणि ते म्हणाले, ‘बघू, जमेल थोडंफार’, तर ऐकणारा समजतो की माणूस तयार आहे. आपण कमी सांगतो, कारण ऐकणारा वरचं स्वतः भरून घेतो. त्यानं कारागिराचा हात पाहिलेला असतो, शेजारी सांगणारे चारजण असतात. तिकडचा वाचक वरचं काही भरत नाही. ‘थोडंफार’ लिहिलं की तो थोडंफारच धरतो, आणि ‘सहभागी होते’ म्हटलं की बैठकीला बसली होती असं समजतो.

एका शिष्यवृत्तीचे अर्ज मी काही वर्षं वाचले आहेत. एका बैठकीत गठ्ठा संपवायचा असतो, एका अर्जाला पाच-सात मिनिटं. पेन हातात धरून आपण एकच शोधत असतो: या मुलीनं नेमकं काय केलं? ते सापडलं नाही तर ‘अस्पष्ट’ असा शेरा पडतो. ‘विनयशील’ असा रकानाच नसतो. मराठी असूनही मी तो शेरा मारला आहे, लाज वाटते सांगायला.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपली भाषाच कर्त्याला मागे ठेवते. मला सुचलं, मला सापडलं, मला जमलं, मला संधी मिळाली. सगळं आपल्याकडे चालत येतं, आपण नुसते दारात उभे. मराठीत ते गोड वाटतं. पण तोच विचार इंग्रजीत उतरवला की केलेलं काम नशीब होऊन बसतं. तुझ्या पाचशे शब्दांत ‘मिळाली’, ‘झालं’, ‘करण्यात आलं’ आणि ‘आम्ही’ असं अकरा वेळा येतं. लाल पेनानं खुणा कर आणि प्रत्येक खुणेपाशी विचार: हे कोणी केलं? उत्तर साहेब असेल तर साहेब लिही, तू असशील तर ‘मी’. आणि ‘मी’पुढे डोळ्यांना दिसेल असं क्रियापद हवं: मोजलं, नोंदवलं, विचारलं, बदलून घेतलं. ‘नेतृत्व केलं’ हे दिसत नाही.

आता तुझ्याच पत्राच्या शेवटी, ताजा कलमात, तू सहज लिहून टाकलेली गोष्ट घेऊ. लूप ओढले गेल्यामुळे शंभरातले सहा टॉवेल ‘सेकंड’मध्ये जात होते. सगळे मागांना दोष देत होते. तू तीन आठवडे चेकिंग टेबलावर वही ठेवलीस, प्रत्येक खराब टॉवेलचा माग नंबर, पाळी आणि तो कोणत्या ट्रॉलीतून आला ते लिहिलंस. माग वेगवेगळे निघाले, ट्रॉल्या त्याच चार. त्यांच्या पत्र्याच्या कडा झिजून टोकदार झाल्या होत्या. फिटरकाकांनी कडांना रबर बसवलं आणि दोन महिन्यांनी प्रमाण शंभरात दोनवर आलं. अगं, ही गोष्ट ताजा कलमात आणि ‘जागतिक दृष्टी’ पहिल्या ओळीत?

मी ती अशी लिहीन:

‘लूप ओढल्यामुळे आमचे शंभरातले सहा टॉवेल बाद होत होते, आणि कारण माग आहेत असा समज होता. मी तीन आठवडे प्रत्येक बाद टॉवेलची नोंद ठेवली. नोंदींवरून मला दिसलं की दोष मागांशी नाही, चार ट्रॉल्यांशी जुळतो. मी मॅनेजरांना वही दाखवून दुरुस्तीची परवानगी घेतली. कडांना रबर बसवण्याचं काम आमच्या फिटरनी केलं. दोन महिन्यांत प्रमाण शंभरात दोनवर आलं. उरलेले दोन बहुतेक मऊ, कमी पिळाच्या सुताचे असतात. तिथे पीळ किती ठेवला म्हणजे मऊपणाही राहील आणि लूपही टिकेल, हे मला ठरवता येत नाही. ते शिकण्यासाठी मी हा अर्ज करते आहे.’

यात एकही विशेषण तुझ्याबद्दल नाही. फिटरचं श्रेय फिटरकडे, साहेबांचं साहेबांकडे. आणि तुझा विनय शेवटच्या तीन वाक्यांत आहे, जिथं तुझी मजल खरोखर संपते तिथं. केलेल्या कामाबद्दल ‘थोडंफार’ म्हणणं वेगळं आणि न कळणाऱ्या गोष्टीबद्दल ‘कळत नाही’ म्हणणं वेगळं. पहिल्यानं अर्ज बुडतो. दुसऱ्यामुळे, तुला तो अभ्यासक्रम कशाला हवा, हे वाचणाऱ्याला समजतं.

बाकीच्या प्रत्येक वाक्याला एक कसोटी लाव. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं ते जसंच्या तसं आपल्या अर्जात लिहिलं तर खोटं ठरेल का? ‘मी मेहनती आहे’ कुणालाही चालेल, काढ. ‘मी तीन आठवडे नोंद ठेवली’ तिला लिहिता येणार नाही, ठेव. आकड्यांत मात्र ताणू नकोस. सहाचे दोन झाले ते दोन महिन्यांत, तेवढंच लिही. वर्षाला कारखान्याचे किती लाख वाचले असा हिशेब तू केलेला नाहीस, तर तो भावाच्या सांगण्यावरून घालू नकोस. मुलाखत झालीच तर पहिला प्रश्न त्यावरच येईल.

कौतुक दुसऱ्यानं करावं असं बाबा म्हणतात, तर त्याचीही जागा अर्जात आहे: शिफारसपत्र. पण आपल्याकडे साहेब लोक ते कसं लिहितात माहीत आहे ना? ‘होतकरू, कष्टाळू, आज्ञाधारक.’ आज्ञाधारक हा शब्द तिकडे फारसा उपयोगी नाही, स्वतःच्या डोक्यानं चालणारी मुलगी त्यांना हवी असते. साहेबांना अर्ध्या पानाची आठवण लिहून दे: वही कधी सुरू केली, त्यांना कधी दाखवली, त्यावर ते काय म्हणाले. भीड वाटेल, तरी दे. त्यांना दोन वर्षांपूर्वीचं आठवत नसतं, आणि घटना समोर असली की माणूस तीच लिहितो. ‘ती हुशार आहे’ हे त्यांना म्हणू दे, तू म्हणू नकोस.

सरकारी कचेरीत अर्ज देशील तेव्हा ‘सविनय सादर’ लिहायचं ते लिहीच. तिथला वाचक वेगळा.

पाठवण्याआधी हा परिच्छेद मराठीत करून फिटरकाकांना वाचून दाखव, घरी बाबांनाही. काका मध्येच ‘हे असं नव्हतं’ म्हणाले तर तिथं दुरुस्त कर. आणि ‘पोरी, रविवारीपण येऊन ट्रॉल्या मोजत होतीस, ते कुठाय?’ असं म्हणाले, तर तेही घाल.

— तुझी मावशी